कवडीचुंबक बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

लघुकादंबरीवरच्या आपल्या गप्पांमध्ये आज एकच पात्र घेऊ या: चिक्कू माणूस. कोणी त्याला कंजूष म्हणतं, कोणी कवडीचुंबक. इकडे भिलाईत हिंदीत मक्खीचूस म्हणतात. असा माणूस नायक म्हणून घ्यायचा आणि वीस-तीस हजार शब्दांत त्याला बदलताना दाखवायचं. अट एवढीच की कोणत्याही एका पानावर बोट ठेवून ‘इथे तो बदलला’ असं वाचकाला म्हणता येऊ नये, आणि शेवटी मात्र पहिल्या पानावरचा माणूस आता उरला नाही हे त्याला कळावं.

हे अवघड का आहे, ते आपल्या एका म्हणीतच आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आपला वाचक ही म्हण मनात घेऊनच पुस्तक उघडतो. चिक्कू माणूस एका प्रसंगानंतर अचानक दानशूर झाला, तर वाचक वाद घालत नाही, पण विश्वासही ठेवत नाही. म्हणून लेखकाने म्हणीशी भांडण मांडू नये. खोड जात नाही, हे मान्य करावं आणि तीच खोड दुसऱ्या कामाला कशी लागते, ते दाखवावं. आजच्या भागाचं सार एवढंच आहे. बाकी सगळं ते कसं करायचं याबद्दल.

न बदलणारा आणि एका रात्रीत बदलणारा

कंजूष माणसाचे दोन प्रकार आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. पहिला विनोदी नाटकातला. मोलिएरचं ‘लाव्हार’ हे नाटक १६६८ साली रंगभूमीवर आलं. आचार्य अत्र्यांनी त्यावरून मराठीत ‘कवडीचुंबक’ लिहिलं. मोलिएरचा आर्पागाँ शेवटपर्यंत बदलत नाही. मुलांची लग्नं जुळतात, घरातले गैरसमज मिटतात, आणि याला ओढ फक्त आपल्या पैशांच्या पेटीची. ते तसंच हवं. तो तिसऱ्या अंकात मऊ झाला तर आपण हसायचं कशाला? विनोदी नाटकात खोड हेच यंत्र असतं, ते बंद पडून चालत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे डिकन्सचा स्क्रूज. ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ च्या डिसेंबरात आलं. तो एका रात्रीत बदलतो आणि जगभरचे वाचक ते मान्य करतात. कारण तिथे भुतं आहेत. लेखकाने पहिल्याच पानापासून सांगून टाकलंय की ही गोष्ट अद्भुताची आहे. तरीही डिकन्स किती सावध आहे ते बघा. पहिलं भूत स्क्रूजला त्याचं बालपण दाखवतं. शाळेत एकटाच मागे राहिलेला मुलगा. ते पाहून स्क्रूजला आठवतं की काल रात्री दारात एक पोरगा गाणं म्हणत होता, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. एवढंच, फार थोडं. म्हणजे एका रात्रीच्या गोष्टीतही लेखकाला पायऱ्या कराव्या लागल्या.

आपल्याला लिहायची आहे ती तिसऱ्या प्रकारची गोष्ट. तिच्यात भुतं नाहीत आणि ती नुसती हसवण्यासाठीही नाही. या प्रकाराचा सगळ्यात चांगला नमुना मला माहीत आहे तो जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’चा. १८६१ सालची ही छोटेखानी कादंबरी आहे. तिच्यातले काही सांधे उघडून बघू, आणि मग आपल्या सेक्टर ६ मधली एक गोष्ट तशीच रचून पाहू.

सायलसच्या दाराची किल्ली

सायलस हा विणकर. तरुणपणी तो एका छोट्या धर्ममंडळीत होता. तिथल्या जिवलग मित्राने त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आणला, मंडळीने चिठ्ठ्या टाकून त्याला दोषी ठरवलं, ठरलेलं लग्न मोडलं. तो दूरच्या खेड्यात येऊन राहिला. तिथे एका कापडाच्या कामाचे त्याला पाच सोन्याचे गिनी मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा सगळी कमाई त्याच्या एकट्याच्या हातात आली होती, कारण आधी त्यातला मोठा वाटा मंडळीला जायचा. माणसांवरचा विश्वास गेलेला आणि हातात ही चकचकीत नाणी. तिथून त्याची सवय सुरू होते. आधी पैसे साठतात, मग रोज रात्री ते मोजणं, आणि मग मोजण्यासाठीच जगणं. म्हणजे लेखिकेने पहिलं काम हे केलं की कंजूषपणाला कारण दिलं. कारण असलं की तो स्वभाव राहत नाही, ती एक जुळवणी होते. आणि जी गोष्ट जुळवलेली असते, ती उलगडूही शकते.

दुसरं काम. एक मातीचं भांडं आहे. बारा वर्षं तो त्याच भांड्यातून विहिरीचं पाणी आणत होता. एक दिवस अडखळला आणि भांड्याचे तीन तुकडे झाले. आता त्याचा उपयोग नाही. तरी तो ते तुकडे जुळवतो आणि भांडं नेहमीच्या जागी उभं करून ठेवतो, आठवण म्हणून. पैशाच्या हिशेबात याला शून्य किंमत. पण या एका परिच्छेदाने आपल्याला कळतं की या माणसात माया शिल्लक आहे, फक्त तिला बसायला माणूस नाही. हा परिच्छेद चोरीच्या आधी येतो. बीज आधी पेरलेलं असतं, म्हणून पुढचं उगवणं खरं वाटतं.

तिसरं काम मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. सायलसचं सोनं चोरीला जातं, २७२ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स. का जातं? त्या संध्याकाळी त्याला भेट मिळालेला मांसाचा तुकडा शेकोटीवर भाजायला टांगलेला आहे. फुकटचं जेवण म्हणून तो खुशीत आहे. आणि तो तुकडा टांगलाय दाराच्या किल्लीत दोरी ओवून. मध्येच त्याला आठवतं की उद्या सकाळच्या कामाला सुतळी लागेल, सकाळचा वेळ वाया जायला नको. तो तसाच बाहेर पडतो. किल्ली काढायची तर सगळी मांडणी मोडावी लागेल, म्हणून दार उघडंच. बघा, त्याचं घर उघडं पडतं ते त्याच्या काटकसरीमुळेच. पुढे वर्षाच्या शेवटच्या रात्री तो पुन्हा पुन्हा दार उघडून बाहेर बघतो, कारण शेजाऱ्यांनी सांगितलेलं असतं की आज जागलास तर कदाचित पैसे परत येतील. त्याच उघड्या दारातून दोन वर्षांची पोर आत येते. त्याची नजर अधू. शेकोटीपाशी सोनेरी काहीतरी दिसतं, त्याला वाटतं सोनं परत आलं. हात लावतो तर मऊ, कोमट केस.

दोन्ही वेळा दार उघडतं ते पैशाच्या कारणाने. दयेने किंवा पश्चात्तापाने उघडत नाही. कंजूष माणूस बदलायला निघत नाही, तो पैसे वाचवायलाच निघतो आणि वाटेत त्याला दुसरं काही भेटतं. हे सूत्र लक्षात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, चोरी अचानक झाली, पोर अचानक आली, मग हे सावकाश कसं? घटना अचानक घडू शकते. बदल अचानक होता कामा नये. चोरीनंतर सायलस गुत्त्यात जाऊन एका माणसावर आळ घेतो, आणि लगेच त्याला स्वतःवरचा जुना खोटा आळ आठवतो, तो शब्द मागे घेतो. ही एक पायरी. शेजारीण केक घेऊन येते, चर्चला चल म्हणते. तो तिच्याशी नीट वागतो पण नाताळला घरीच बसतो. ही पायरी चढलीच नाही. मग पोर येते, तिच्यासाठी कपडे मागावे लागतात, ती हरवते, सापडते. आणि मग लेखिका सोळा वर्षं सरळ उडी मारते.

शेवटी कोरड्या पडलेल्या खाणीत चोराचा सांगाडा आणि सोनं सापडतं. सायलस मुलीला सांगतो की आता या पैशाची पकड माझ्यावर नाही. पण त्याच दमात त्याला भीतीही वाटते की तू दुरावलीस तर ती पकड परत बसेल. खोड गेलेली नाही, बसून आहे. या एका वाक्यामुळे सगळा बदल विश्वासार्ह होतो.

आता सेक्टर ६

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्याच्या शेजारी कामगारांची वसाहत सेक्टर-सेक्टरने वसली. विदर्भ इथून जवळ, त्यामुळे मराठी घरं इथे सुरुवातीपासून आहेत. कंजूष नायकासाठी ही जागा चांगली आहे, आणि त्याचं कारण क्वार्टर हे आहे. कोणाचं क्वार्टर कोणत्या प्रकारचं यावरून त्याचा हुद्दा कळतो, आणि हुद्द्यावरून पगार. मुंबईत माणूस ‘परवडत नाही’ म्हणून वेळ मारून नेऊ शकतो. इथे परवडतं की नाही हे गल्लीला पाठ असतं. म्हणून इथला कंजूष उघडा असतो.

आपला नायक साठाव्या वर्षी निवृत्त झालेला, आता चौसष्ट वर्षांचा. आपण त्यांना नुसतं काका म्हणू. पत्नी गेली, मुलगा दूर. कारखान्यातून निवृत्त होताना फंड आणि ग्रॅच्युइटी एकरकमी मिळते, महिन्याचं पेन्शन मात्र तुटपुंजं. ती रक्कम बँकेत ठेवायची आणि व्याजावर जगायचं. म्हणजे जपून राहायला काकांकडे खरं कारण आहे. त्यात लहानपणची एक गोष्ट घाला: वडील कोणाला तरी जामीन राहिले, तो पळाला आणि शेत गेलं. हे एकदाच सांगायचं, तेही चौथ्या-पाचव्या प्रकरणात. आधी सांगितलं तर वाचक पहिल्यापासूनच माफ करून बसेल.

काटकसर आणि कंजूषपणा यातली रेघ पहिल्या प्रकरणात दिसली पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात कूलर बंद ठेवणं ही काटकसर म्हणता येईल. पण दुकानदाराने एक रुपया कमी परत दिला म्हणून त्याच उन्हात परत जाणं, हा कंजूषपणा. तिथे पैसा वाचवणं संपलं आणि हिशेब जुळणं हेच सुख झालं. काकांची एक वही आहे. रोज रात्री खर्च लिहायचा आणि शिल्लक पैशापर्यंत जुळवायची. चाळीस वर्षांत ती चुकलेली नाही. ही वही म्हणजे आपल्या गोष्टीचा तराजू. काकांच्या मनाबद्दल आपण फार बोलायचं नाही, वहीबद्दल बोलायचं.

आता दार कसं उघडायचं? घरी भांडी-फरशीला एक बाई येते. ती एकदा पगार आगाऊ मागते. काका नाही म्हणतात, पण सवयीने विचारतात, कशाला पाहिजे? कळतं की तिने कोणाकडून तरी ५,००० रुपये घेतलेत, महिना शेकडा दहाने. दर महिन्याला ५०० रुपये व्याज देते. दहा महिने दिलं. म्हणजे ५,००० देऊन झाले आणि ५,००० अजून तसेच बाकी.

नवशिक्या लेखकाला इथे काकांच्या डोळ्यांत पाणी आणावंसं वाटतं. आणू नका. काकांना राग येऊ द्या. पैशाची ही नासाडी त्यांना सहन होत नाही, जशी गळकी तोटी सहन होत नाही. रात्री ते वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडतात. हेच ५,००० महिना शेकडा एकने घेतले आणि तिने तेच ५०० दरमहा दिले, तर पहिल्या महिन्यात व्याज ५०, मुद्दलात ४५० फिटतात, बाकी ४,५५०. पुढच्या महिन्यात व्याज साडेपंचेचाळीस. असं करत अकराव्या महिन्यात कर्ज संपतं आणि एकूण व्याज तीनशेच्या आत राहतं. गणित इतकं सुंदर जुळतं की काकांना झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते तिला ५,००० देतात, कागदावर सही घेऊन, शेकडा एकने. स्वतःला काय सांगतात? बँक देते त्यापेक्षा जास्त व्याज मिळतंय.

हीच किल्लीची गोष्ट. काकांनी काही चांगलं केलंय हे वाचकाला दिसतं, काकांना दिसत नाही. काकांनी स्वतःला दिलेलं कारण आणि वाचकाला दिसणारं कारण, यांत जे अंतर पडतं त्यावर आपली लघुकादंबरी चालते. सुरुवातीला काकांची सबब पूर्ण पटण्यासारखी असावी. पुढे पुढे ती लंगडी होत जावी. शेवटी सबब उरूच नये, किंवा इतकी तकलादू उरावी की काकांनाही ती उच्चारायला संकोच वाटावा. बदल मोजायचा तो असा, सबबींच्या जाडीवरून.

मागे सरकणं

चौथ्या महिन्यात बाईचा हप्ता येत नाही. पोरगं आजारी आहे. आता काका काय करतील? तीन महिने मन मऊ होत आलंय, म्हणून हप्ता माफ? नाही. काका त्या महिन्याचं व्याज ३६ रुपये ३६ पैसे बाकीत चढवतात आणि वसुलीला तिच्या वस्तीत जातात. वाचकाने इथे चिडलंच पाहिजे. तिच्या घरी त्यांना चहा मिळतो. रात्री वहीत ते लिहितात: चहा, खर्च शून्य. मग थोडा वेळ पेन हातात तसंच. वहीत फुकट मिळालेल्या गोष्टीसाठी रकाना नाही. एवढ्यावर प्रकरण संपवा.

मागे सरकणं हे सजावटीसाठी नसतं. जुनी सवय ताण आल्यावर परत उसळते, हा तिचा धर्मच आहे. ती उसळली नाही, तर वाचकाला वाटतं की ती सवय खोल नव्हतीच. माझा ठोकताळा असा की दर दोन पायऱ्या पुढे गेल्यावर एक पायरी मागे, आणि मागे येणं नेमकं तिथे असावं जिथे समोरच्या माणसाला त्याचं नुकसान भोगावं लागतं. या चुकलेल्या महिन्यामुळे बाईला अखेरीस एकूण ३९ रुपये जास्त पडतात. रक्कम छोटी, पण तिच्या हिशेबात ती दिसते.

हप्ते आता बाराव्या महिन्यात संपतात. शेवटची बाकी ३३४ रुपये ३० पैसे. बाई ३३४ रुपये सुटे मोजून टेबलावर ठेवते. तीस पैसे कोणाकडेच नाहीत, तसली नाणी चालतच नाहीत. पहिल्या प्रकरणातला माणूस एक रुपयासाठी उन्हात गेला होता. हा माणूस ३३४ लिहितो आणि रेघ मारतो. वही त्या रात्री तीस पैशांनी जुळत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. लेखकाने यावर एकही शब्द बोलायचा नाही, कारण वाचकाने वही पहिल्या पानापासून पाहिलेली आहे.

कोणी विचारेल, तीस पैशांत कसला आलाय बदल? म्हणूनच पहिल्या प्रकरणात मोजमाप पक्कं बसवायचं. तिथे एक रुपयाची किंमत किती हे आपण नीट दाखवलं असेल तर तीस पैसे पुरतात. नसेल दाखवलं, तर शेवटी लाखाची देणगी देऊनही भागत नाही. छोट्या मापावर चालणारी गोष्ट मोठ्या मापावर संपवली की ती फाटते.

पैशावरून हिशेबावर

इथे गोष्ट संपवता येईल, पण थोडं पुढे नेऊ. बाईच्या ओळखीच्या आणखी दोघी पैसे मागायला येतात. शेजारचे गृहस्थ टोकतात, व्याजाने पैसे देत राहिलात तर ती सावकारी, तिला परवाना लागतो. काका घाबरून थांबतात. पण वस्तीतल्या बायकांचा बचत गट आहे, बारा जणींचा, आठवड्याला प्रत्येकी ५० रुपये. त्यांची नोंदवही कोणीतरी नीट लिहायला हवी आहे. काका ती लिहायला घेतात. सबब? पैसे माझे नाहीत, धोका नाही, आणि चुकीचा हिशेब मला बघवत नाही.

खोड तीच आहे बघा. पैशापर्यंत जुळवणं, खाडाखोड न करणं, कोणालाही सूट न देणं. जो गुण दुकानदाराला नकोसा होता, तोच आता बारा बायकांना हवाय. माणूस बदलायला लागतो तेव्हा पुष्कळदा त्याचा स्वभाव तसाच राहतो आणि त्याचा पत्ता बदलतो.

मग एक जण २,००० रुपयांचं कर्ज घेऊन गाव सोडून जाते. वडिलांच्या जामिनाची गोष्ट आता सांगायची, कारण ती जखम आता उघडी पडली. काका महिनाभर दार लावून घेतात. वही रोज लिहितात, पण पानावर दूध, कोथिंबीर, तेल एवढ्याच ओळी. मग एक दिवस बायका विचारायला येतात की तोटा वाटायचा कसा. अकरा जणी उरल्यात. २,००० भागिले अकरा म्हणजे प्रत्येकी १८१ रुपये ८२ पैसे. काका कागद घेतात आणि बाराने भागतात. १६६ रुपये ६७ पैसे. एक जण म्हणते, बाबूजी, आम्ही अकराच आहोत. काका म्हणतात, हिशेब लिहिणाऱ्याचीही चूक असते.

सबब अजून आहे. पण आता ती काकांना पैसे वाचवून देत नाही, खर्च करायला लावते. प्रत्येक बाईचे पंधरा रुपये वाचले, एवढंच घडलं. काका अजून कूलर लावत नाहीत. उद्या दुकानदाराने एक रुपया कमी दिला तर परतही जातील. जाऊ द्या.

कुठे बिघडतं आणि कसं ओळखायचं

असं लिखाण बिघडतं ते ठरावीक तीन जागी. पहिली म्हणजे आजारपण. नायकाला हृदयविकाराचा झटका येतो, बाई सेवा करते, त्याला उमगतं. मृत्यूच्या भीतीने झालेला बदल ही सौदेबाजी असते, ती बरं वाटल्यावर टिकत नाही, आणि वाचकाला हे घरातल्या अनुभवावरून माहीत असतं. दुसरी जागा म्हणजे फार चांगला समोरचा माणूस. आपल्या बाईने कधी खोटं बोललं पाहिजे, कधी काकांना टोमणा मारला पाहिजे. ती नुसती सोशीक राहिली तर ती पात्र न राहता काकांचं औषध होते. सायलसची पोरही पळून जाते, खोड्या करते, म्हणूनच ती त्याचा सगळा वेळ मागू शकते. तिसरी जागा निवेदकाची. ‘त्यांच्या मनात काहीतरी हललं’ अशी वाक्यं लेखक घाईत असताना येतात. ती सापडली की खोडा आणि त्या जागी वहीतली एक नोंद लिहा.

तपासायला दोन सोप्या कसोट्या. लिहून झाल्यावर मधली दोन प्रकरणं एकमेकांच्या जागी ठेवून बघा. काही फरक पडला नाही, तर तिथे पायऱ्या नाहीत, नुसते प्रसंग आहेत. काकांनी बाराने भागायचा प्रसंग चहाच्या आधी ठेवून पाहा, लगेच खोटा वाटेल. म्हणजे क्रम खरा आहे. दुसरी कसोटी: शेवटचं प्रकरण झाकून, ते न वाचलेल्या कोणाला तरी विचारा की हा माणूस आता काय करेल. ‘सगळे पैसे वाटून टाकेल’ असं उत्तर आलं तर तुम्ही फार ढकललंय. ‘काही नाही, तसाच राहील’ असं आलं तर पायऱ्या दिसल्याच नाहीत. ‘सांगता येत नाही, पण पूर्वीसारखं नाही करणार’ असं आलं, की काम झालं.

सावकाश म्हणजे लांबलचक, असा गैरसमज करून घेऊ नका. एलियटने सोळा वर्षं एका उडीत ओलांडली. काकांची गोष्ट दीड-दोन वर्षांची आहे, आठ प्रकरणांत बसेल. वेळ मधल्या रिकाम्या जागांमध्ये जाऊ द्यायचा. वाचकासमोर तीच वही, तेच टेबल, तसाच प्रसंग पुन्हा आणायचा, आणि आकड्यात थोडासा फरक ठेवायचा. तो फरक वाचक स्वतः काढतो. आणि स्वतः केलेल्या वजाबाकीवर माणूस शंका घेत नाही.

घरी करून पाहायचं असेल तर पूर्ण गोष्ट लिहू नका. आपल्या कंजूष नायकाच्या वहीची फक्त चार पानं लिहा, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. कथन नाही, संवाद नाही, फक्त तारीख, नोंद, रक्कम. ती चार पानं ओळीने वाचून माणूस दिसला, तर लघुकादंबरीचा सांगाडा तयार आहे. पुढच्या भागात याच्या उलट बाजू बघू: उधळ्या माणसाला हिशेबी होताना कसं दाखवायचं. तोवर लिहीत राहा. नमस्कार.